हरकत नसावी

सरकारी कचेरीत कारकुनाला 'हरकत नाही' असं लिहिता येत नाही. टिपणीच्या शेवटी त्याने लिहायचं ते 'हरकत नसावी, आदेशार्थ सादर'. 'नाही' म्हणायचा अधिकार साहेबांचा. साहेब त्याखाली 'मान्य' लिहून सही करतात आणि मग शेवटी जो दाखला निघतो, त्याला आपण 'ना हरकत प्रमाणपत्र' म्हणतो. दाखल्यावर नाव साहेबांचं असतं. पण त्या 'नसावी'ला कुणीतरी आधी 'नाही'इतकं पक्कं केलेलं असतं. माझ्या बाबतीत ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागातल्या एका वरिष्ठ सहायकाने केलं. सगळी शिक्षक मंडळी त्यांना भाऊसाहेब म्हणायची, मीही म्हणायचे. त्यांचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते असं आहे की फेडायला गेले तर त्यांना राग येईल.

२०१८चा ऑक्टोबर. लेकीचा स्टुटगार्टहून फोन आला. दिवस गेले होते, मे महिन्यातली तारीख दिली होती. "आई, तू येशील ना?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे पासपोर्टच नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तेव्हा माझी एकोणतीस वर्षं नोकरी झाली होती. पण पासपोर्टची गरज कधी पडली नव्हती. आमचं परदेश म्हणजे शैक्षणिक सहलीतलं महाबळेश्वर.

सरकारी नोकराने पासपोर्ट काढायचा तर कार्यालयाचा कागद लागतो, एवढं ऐकून माहीत होतं. मी एका पानावर अर्ज लिहिला, आधार कार्डाची झेरॉक्स लावली, मुख्याध्यापकांची शिफारस घेतली आणि केंद्रप्रमुखांमार्फत, म्हणजे कागदावर लिहितात तसं 'योग्य मार्गे', २२ ऑक्टोबरला पंचायत समितीत पाठवून दिला. आठवड्याने अर्ज परत आला. वर पेन्सिलने, साहेबांना दिसू नये इतक्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'बाईंनी समक्ष भेटावे.'

आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी लगेच अर्थ सांगितला. "समक्ष भेटावे म्हणजे काय ते कळतं ना बाई? पाकीट घेऊन जा." संघटनेतल्या दुसऱ्या एकांनी वेगळा मार्ग दाखवला. "ना हरकतीच्या नादी लागूच नका. पूर्वसूचनेचं पत्र द्या, पोच घ्या आणि मोकळ्या व्हा. परराष्ट्र खात्यानेच सोय केली आहे." सोय आहे हे खरं होतं. सरकारी कर्मचाऱ्याला पासपोर्टसाठी तीन प्रकारचे कागद चालतात : ओळखीचं प्रमाणपत्र, ना हरकत प्रमाणपत्र, आणि ही पूर्वसूचना. पहिल्या दोहोंवर कार्यालयाची सही लागते. तिसऱ्यात कर्मचारी फक्त कळवतो, की मी पासपोर्टसाठी अर्ज करतो आहे. कार्यालयाला काही म्हणायचं असलं तर ते त्याने थेट पासपोर्ट अधिकाऱ्याला कळवायचं.

मी पाकीट नेलं नाही, पण राग मात्र नेला. पंचायत समितीत गेले ती भाऊसाहेबांच्या टेबलाशी न थांबता सरळ गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या खोलीत. साहेबांना म्हटलं, "साधा अर्ज आहे, भाऊसाहेब मुद्दाम अडवून ठेवतात. कशासाठी अडवतात ते सगळ्यांना माहीत आहे." साहेब नवीन होते. त्यांनी "बघतो" म्हटलं, आणि भाऊसाहेबांकडेच जायला सांगितलं.

भाऊसाहेब त्या खोलीच्या पलीकडेच बसत. पन्नाशी उलटलेले, कानावर पेन, टेबलावर काचेखाली गणपतीचा फोटो आणि रजेच्या प्रकारांचा तक्ता. बसा म्हणाले. शिपायाला दोन चहा सांगितले, आणि पैसे स्वतःच्या खिशातून काढून दिले. मग कपाटातून माझी वैयक्तिक नस्ती काढली. तिच्यात एका पानाशी कागदाची चिठ्ठी घालून ठेवली होती. ते पान उघडून त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली.

ती २००९ सालची नोटीस होती. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. निवडणुकीच्या प्रशिक्षणाला मी गैरहजर राहिले म्हणून तहसील कार्यालयाने मला 'कारणे दाखवा' बजावली होती. मजकुरात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४चा उल्लेख होता. खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांचं नाव. ती प्रत इथे येऊन माझ्या फाइलीत बसली होती. मला सगळं आठवलं. त्या आठवड्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यातून सुटल्यावर मी डिस्चार्ज कार्ड लावून खुलासा दिला होता. पुढे कुणी काही विचारलं नाही, म्हणून मीही विसरून गेले होते.

"तुम्ही विसरलात," भाऊसाहेब म्हणाले, "फाइल विसरत नाही."

मी म्हटलं, "पण ही काय चौकशी झाली का?"

"नाही. हीच तर गंमत आहे." मग त्यांनी मला जे समजावून सांगितलं, ते मी पुढे कितीतरी शिक्षकांना सांगितलं आहे, म्हणून इथेही सांगते. नोटीस म्हणजे विभागीय चौकशी नव्हे. आमच्या जिल्हा सेवेला १९६४चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. दोषारोपपत्र हातात पडलं की चौकशी सुरू झाली असं धरायचं. नोटिशीला खुलासा दिला आणि तो मान्य झाला, तर गोष्ट तिथेच संपते. पण माझ्या फाइलीत फक्त नोटीस होती. खुलासा तहसीलला गेला होता, त्याचं काय झालं ते इथे कुणालाच माहीत नव्हतं. आणि कलम १३४ हा साधा खात्याचा विषय नाही. निवडणुकीच्या कामात कसूर हा तिथे गुन्हा आहे, त्यावर न्यायालयात खटला होऊ शकतो, दंड होऊ शकतो.

त्यांनी ड्रॉवरमधून एक घडी घातलेला कागद काढला. १९६७च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)ची छापील प्रत होती. कोणकोणत्या कारणांनी पासपोर्ट नाकारता येतो, त्याची ती यादी. त्यातल्या 'एफ' या पोटकलमाखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारली होती : अर्जदाराविरुद्ध भारतातल्या फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणे. "आता हे बघा," म्हणून त्यांनी दुसरा कागद काढला. तो ना हरकत प्रमाणपत्राचा पासपोर्ट खात्याने ठरवून दिलेला नमुना होता, त्याचं नाव 'ॲनेक्शर जी'. मला वाटत होतं की ना हरकत म्हणजे 'आमची काही हरकत नाही' एवढं एक वाक्य. पण त्या नमुन्यात सही करणारा अधिकारी इंग्रजीत लिहून देतो, की मी पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२) वाचलं आहे आणि त्यातली कुठलीही तरतूद या अर्जदाराला लागू होत नाही. पुढे शिफारसही करतो.

"साहेब नवीन आहेत," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले. "ते कागद बघून पुढे पाठवतील. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी आमच्या दाखल्यावर विसंबून हे लिहून देतील. म्हणजे 'लागू होत नाही' हे खरं म्हणजे मी सांगणार. आणि मला माहीत नाही. मला माहीत नसताना मी 'प्रलंबित नाही' असा दाखला कसा देऊ?"

मी पूर्वसूचनेचा विषय काढला. त्यांनी ते नाकारलं नाही. "तुमचा हक्क आहे तो. आज पत्र द्या, आजच पोच देतो. पण त्याची प्रत माझ्याकडेच येणार. मग मला हीच फाइल उघडावी लागणार आणि हाच कागद साहेबांपुढे ठेवावा लागणार. साहेब पासपोर्ट ऑफिसला कळवणार, की एक प्रकरण आहे, निकाल माहीत नाही. तिथे तुमचा अर्ज अडकला, तर तो सोडवायला पुण्याला खेपा घालाव्या लागतील तुम्हाला. आत्ता फाइल उघडली तर ती तुमच्या बाजूने उघडते, बाई. तेव्हा उघडली तर तुमच्या विरुद्ध. ठरवा तुम्ही."

मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी विचारली नव्हती. खटला खरंच चालू असला, तरी सगळं संपत नाही. त्या न्यायालयाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. "पण आधी खटला आहे की नाही ते तर कळू दे."

मी विचारलं, तहसीलला जाऊन काय सांगू? ते म्हणाले, "गोष्ट सांगू नका. नंबर सांगा." नोटिशीच्या डोक्यावर जावक क्रमांक आणि तारीख होती. ती त्यांनी एका चिटोऱ्यावर उतरवून दिली. "निवडणूक शाखेत अव्वल कारकुनाला हा नंबर द्या. दवाखान्याचं, ऑपरेशनचं काही बोलू नका. ते ऐकतील आणि हळहळतील, पण कागद सापडणार नाही. नंबर दिला की रजिस्टर उघडावंच लागतं."

दिवाळीची सुट्टी लागली होती. मी तहसीलला दोन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला संबंधित रजेवर. दुसऱ्या खेपेला अव्वल कारकून बाई भेटल्या. नंबर बघून त्यांनी शिपायाला अभिलेख कक्षात पाठवलं. तासाभराने तो लाल रुमालात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आला. रुमाल सोडला तेव्हा नऊ वर्षांची धूळ टेबलावर पसरली. त्या कागदांमध्ये माझं हस्ताक्षर होतं. खुलासा, मागे टाचलेलं डिस्चार्ज कार्ड, आणि खुलाशाच्या कोपऱ्यात, तिरप्या अक्षरात, शाईने : 'खुलासा मान्य. दप्तरी दाखल.' खाली लपेटदार आद्याक्षरं आणि तारीख.

म्हणजे प्रकरण २००९मध्येच संपलं होतं. फक्त ते संपल्याचं कुणी कुणाला कळवलं नव्हतं. चार शब्द गाठोड्यात पडून राहिले होते आणि त्यांच्याअभावी माझ्या फाइलीत ती नोटीस नऊ वर्षं जिवंत होती.

मी लेखी मागणी केली. तहसीलकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पत्र निघालं, की सदर नोटिशीचा खुलासा मान्य होऊन प्रकरण दप्तरी दाखल करण्यात आले असून न्यायालयीन कारवाई करण्यात आलेली नाही. ते शेवटचं वाक्य भाऊसाहेबांनीच मला मागून घ्यायला सांगितलं होतं. "'दप्तरी दाखल' एवढ्यावर परत येऊ नका. कोर्टात गेलं नाही, हे शब्द पाहिजेत."

पत्र घेऊन मी पंचायत समितीत आले. सोबत दिवाळीच्या फराळाचा डबा होता. भाऊसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, आवक शिक्का मारला, आणि माझ्यासमोर माझ्या फाइलीत, त्या नोटिशीच्या नेमकं वर टाचलं. मग डबा उघडून एक चकली स्वतः घेतली आणि डबा शिपायाच्या हाती देऊन सगळ्या टेबलांवरून फिरवला. सगळ्यांनी खाल्लं, म्हणजे ते कुणा एकाला दिलेलं राहिलं नाही. हे मला घरी गेल्यावर उमगलं.

त्यानंतर त्यांनी नमुना भरायला घेतला. हे काम खरं तर जिल्हा परिषदेतल्या कार्यासनाचं. पण तिथून त्रुटी काढून कागद परत यायला महिना जातो, म्हणून मसुदा इथूनच बिनचूक पाठवायचा, अशी त्यांची पद्धत होती. सेवापुस्तकाचं पहिलं पान त्यांनी पुढ्यात घेतलं. तिथे माझं माहेरचं नाव, कारण नेमणूक लग्नाआधीची. मधल्या पानावर नाव बदलल्याची नोंद, राजपत्राच्या हवाल्यासह. ती दोन्ही पानं सत्यप्रत करून जोडली. मी माझ्या हाताने लिहून आणलेल्या कच्च्या मसुद्यात 'डॉटर ऑफ' या शब्दांपुढे नवऱ्याचं नाव घातलं होतं. लग्नापासून प्रत्येक सरकारी कागदावर माझं स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग सासरचं आडनाव, हात तसाच वळला. भाऊसाहेबांनी ते खोडलं.

"इथे वडील विचारलेत, बाई. नवरा नाही. नाव तुमचं आधारवर आहे तसंच, पण 'यांची मुलगी' म्हटल्यावर वडिलांचंच. अर्जात वडिलांच्या रकान्यात वडील, नवऱ्याच्या रकान्यात नवरा. दाखला आणि अर्ज यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर खिडकीवरचा माणूस काय ऐकणार तुमचं?"

मग 'कायम/तात्पुरते' यातलं 'तात्पुरते' पट्टी ठेवून रेघ मारून खोडलं. ओळखपत्राचा क्रमांक माझ्या कार्डावरून बघून भरला, आठवणीवर नाही. तारीख आणि जावक क्रमांक यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. आणि टिपणीच्या शेवटी तेच वाक्य : 'सबब, ना हरकत प्रमाणपत्र देण्यासाठी प्रस्ताव वरिष्ठांकडे सादर करण्यास हरकत नसावी.'

मी ते वाचत होते, तेव्हा ते म्हणाले, "आता ही 'नसावी' मी झोपेतसुद्धा लिहीन."

प्रस्ताव जिल्ह्याला गेला. २७ डिसेंबर २०१८च्या तारखेने शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र निघालं. एकही त्रुटी निघाली नाही. ते घ्यायला गेले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "भाऊसाहेब, ऑक्टोबरमध्ये मी साहेबांकडे तुमच्याबद्दल जे बोलले..." ते पोच-वहीत माझी सही कुठे घ्यायची ते बोटाने दाखवत होते. मान वर न करता म्हणाले, "पार्टिशन प्लायचं आहे, बाई. सही इथे करा."

म्हणजे ऑक्टोबरमध्ये चहा मागवण्याआधीच त्यांनी सगळं ऐकलं होतं.

निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, हे प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, तेव्हा ट्रंकेत जपून ठेवू नका, लगेच अपॉइंटमेंट घ्या. दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची : "हा दाखला पासपोर्टचा आहे, प्रवासाचा नाही. पासपोर्ट मिळाला म्हणजे देश सोडायची परवानगी मिळाली, असं नाही. परदेशी जायची परवानगी आणि रजा, याचा अर्ज वेगळा. पुष्कळ जण इथेच चुकतात. तिकीट काढतात आणि मग माझ्याकडे येतात."

जिल्ह्याच्या गावी मोठ्या पोस्टात पासपोर्ट केंद्र सुरू झालं होतं, त्यामुळे पुण्याला जावं लागलं नाही. जानेवारीतली तारीख मिळाली, दीड हजार रुपये फी ऑनलाइन भरली. खिडकीवरच्या मुलाने प्रमाणपत्र आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, कार्यालयाचं नाव बोटाने ताडून पाहिलं, आणि "पुढे जा, मॅडम" म्हणाला. फेब्रुवारीत पोस्टमन पासपोर्ट घेऊन शाळेत आला. चौथीच्या पोरांनी तो हातोहात फिरवून पाहिला.

मी भाऊसाहेबांना फोन केला. अभिनंदन वगैरे काही नाही. "बाई, लोकसभा येतेय. आचारसंहिता लागली की रजा मिळत नाही, मुख्यालय सोडता येत नाही. परवानगीचा अर्ज आठवड्यात टाका." मी २५ फेब्रुवारीला अर्ज टाकला : उन्हाळी सुट्टी आणि तिला जोडून बारा दिवस अर्धवेतनी रजा, परदेशात राहण्याचा पत्ता, जाण्याचं कारण, खर्च कोण करणार, मुदतीत हजर होईन असं हमीपत्र. १० मार्चला आचारसंहिता लागली. तोवर माझी परवानगी हातात आली होती. तीच पुढे व्हिसासाठीही मागितली गेली.

मला निवडणुकीचं काम लागलंच. या वेळी मी प्रत्येक प्रशिक्षणाला पहिल्या बाकावर बसले, हजेरीपत्रकावर सही केली आणि त्याचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवला. २३ एप्रिलला मतदान झालं, रात्री उशिरा यंत्रं जमा करून घरी आले, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात विमानात बसले. नातू झाला तेव्हा मी दवाखान्यात लेकीच्या उशाशी होते.

परत आले ती चॉकलेटचा डबा घेऊनच पंचायत समितीत गेले. भाऊसाहेबांच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली होती. ते ३१ मे रोजी निवृत्त झाले होते. काचेखालचा गणपती गेला होता, रजेचा तक्ता तिथेच होता. डबा मी सगळ्या टेबलांवरून फिरवला.

त्यानंतर तीन वर्षांनी ते माझ्या शाळेत आले. मी तेव्हा मुख्याध्यापिका झाले होते. त्यांच्या नातीच्या जात पडताळणीसाठी जुना शालेय पुरावा हवा होता. त्यांचे वडील याच शाळेत शिकले होते, स्वातंत्र्याच्या आधी. हे मला माहीत नव्हतं. मी उठून खुर्ची दिली, म्हटलं, "भाऊसाहेब, फोन करायचा, मी घरी पाठवून दिला असता उतारा." त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. विषय, संदर्भ, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, सगळं जागच्या जागी. "आधी आवक घाला, बाई."

मी आवक घातली. कपाटातलं जनरल रजिस्टर काढलं. कडा कुरतडलेल्या, पानं तपकिरी, शाई मात्र अजून काळी. वडिलांचं नाव सापडलं. जातीच्या रकान्यात लिहिणाऱ्या गुरुजींनी एक वेलांटी चुकवली होती. माझा हात क्षणभर थांबला. ती सुधारून लिहावी का? भाऊसाहेब रजिस्टरकडे बघत नव्हते, माझ्या पेनाकडे बघत होते. मी जसं होतं तसं, चुकीच्या वेलांटीसकट उतरवलं. पडताळणी समिती मूळ रजिस्टर मागवून ताडून बघते, आणि तिथे उतारा सुधारलेला दिसला तर तो खोटा ठरतो. रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक, प्रवेशाची तारीख. 'मूळ नोंदीवरून तंतोतंत उतरवून घेतले' असं लिहून सही केली, शाळेचा शिक्का मारला.

मनात आलं, आज थोडं तरी फिटलं. लगेच दुसरं आलं, की फिटलं काय? मी माझ्या कपाटातली, माझ्याच शाळेची, त्यांच्या हक्काची नोंद त्यांना दिली. त्याहून जास्त काही नाही. आणि त्यांनी तरी मला काय दिलं होतं? माझ्याच फाइलीतलं, माझंच, नऊ वर्षांपूर्वी मान्य झालेलं खरं. नियमाबाहेरची एक ओळ त्यांनी माझ्यासाठी लिहिली नव्हती. त्यांनी मदत म्हणून काही केलं असतं, तर मी ती केव्हाच परत केली असती. त्यांनी काम केलं होतं.

मी उतारा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि कागद टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला.

"बाई," ते म्हणाले, "जावक."